चुनखडीच्या रानात सीईसी फुगतो कसा, आणि खरा आकडा कसा काढायचा

पलूस तालुक्यातले आमचे तात्या, म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, यांनी आडसाली उसाच्या लागणीआधी माती तपासून घेतली आणि कागदाचा फोटो मला पाठवला. कागदावर सीईसी ६३.३ आणि बेस सॅच्युरेशन १०० टक्के. खाली कुणीतरी पेनने लिहिलं होतं: ‘कॅल्शियम जास्त, पोटॅश फक्त १.३ टक्के, पाहिजे ५ टक्के. दरवर्षी एकरी ४ गोण्या जादा पोटॅश.’ पाठोपाठ तात्यांचा फोन आला. “आरं, शंभर टक्के म्हंजे रान चांगलं का वाईट? आन् शंभर टक्के हाय तर आणि पोटॅश कशाला टाकायचं?”

प्रश्न अगदी बरोबर होता. त्या कागदातला एकही आकडा प्रयोगशाळेने खोटा मोजलेला नव्हता, तरीही त्यातून काढलेली जवळपास प्रत्येक टक्केवारी चुकीची होती. कृष्णाकाठच्या काळ्या चुनखडीच्या रानात हे नेहमी घडतं. म्हणून तात्यांचाच कागद समोर ठेवून सगळा हिशोब करून दाखवतो.

आधी सीईसी म्हणजे काय ते थोडक्यात. चिकणमातीच्या कणांवर आणि कुजलेल्या सेंद्रिय पदार्थावर ऋण भार असतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सोडियम आणि अमोनियम यांच्यावर धन भार असतो, म्हणून ते या कणांना चिकटून राहतात आणि मुळांना लागतील तसे सुटतात. अशा किती जागा मातीत आहेत, तो आकडा म्हणजे सीईसी, मराठी पुस्तकातली धन आयन विनिमय क्षमता. त्या जागांपैकी कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि सोडियम या चौघांनी किती टक्के भरल्या आहेत, ते बेस सॅच्युरेशन. उरलेल्या जागी आम्ल हायड्रोजन आणि ॲल्युमिनियम असतात. कागदावर सीईसीचं एकक meq/100g किंवा cmol/kg असं छापलेलं असतं. दोन्हींचा आकडा एकच येतो, म्हणून पुढे मी त्याला नुसतं ‘एकक’ म्हणेन.

आणखी एक गोष्ट. सरकारी मृद आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं असे बारा आकडे येतात. त्यात सीईसी नसतो, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियमही नसतात. ते वेगळे पैसे भरून मागावे लागतात, आणि मागतानाच पद्धत कोणती तेही विचारावं लागतं. ते का, ते पुढे येईलच.

पहिली पायरी: पीपीएमचं एककात रूपांतर

तात्यांच्या कागदावरचे आकडे असे होते. सामू ८.४, सेंद्रिय कर्ब ०.५८ टक्के, मुक्त चुनखडी ११ टक्के, चिकणमातीचं प्रमाण ५२ टक्के. अमोनियम ॲसिटेटच्या अर्कात कॅल्शियम ९,४०० पीपीएम, मॅग्नेशियम १,४६४, पोटॅशियम ३१३ आणि सोडियम ८०५.

हे पीपीएम, म्हणजे किलोभर मातीमागे मिलिग्रॅम, वजनात आहेत, आणि जागा मोजायच्या तर भार मोजावा लागतो. पोटॅशियमचा अणू जड, पण त्याच्यावर भार एकच. कॅल्शियमवर भार दोन. त्यामुळे प्रत्येकाला वेगळ्या आकड्याने भागायचं:

```
कॅल्शियम    ९४०० ÷ २०० = ४७.०
मॅग्नेशियम  १४६४ ÷ १२२ = १२.०
पोटॅशियम    ३१३ ÷ ३९१ = ०.८
सोडियम      ८०५ ÷ २३० = ३.५
बेरीज                 = ६३.३
```

हे भाजक पाठ करायला अवघड नाहीत. अणुभाराला भाराने भागा आणि दहाने गुणा. कॅल्शियमचा अणुभार ४०, भार २, म्हणून २००. पोटॅशियमचा ३९.१, भार १, म्हणून ३९१.

पोटॅशचा आकडा बऱ्याच प्रयोगशाळा पीपीएममध्ये देत नाहीत, हेक्टरी किलोत देतात. तेव्हा आधी २.२४ ने भागून पीपीएम काढायचा. हेक्टरभर जमिनीचा वरचा १५ सेंटिमीटर थर साधारण २२.४ लाख किलो भरतो असं धरलेलं असतं, तिथून हा २.२४ आला. तात्यांचा ३१३ पीपीएम म्हणजे हेक्टरी ७०१ किलो. पण कागदावर ‘पालाश’ म्हणून K2O दिलं असेल तर त्याला आणखी ०.८३ ने गुणावं लागतं, कारण त्यात ऑक्सिजनचं वजन मिसळलेलं असतं. ही चूक मी स्वतः वर्षभर केली आहे. माझे पोटॅशचे सगळे टक्के तेव्हा वीस टक्क्यांनी वाढीव यायचे आणि मला पत्ता नव्हता.

दुसरी पायरी: सीईसी मोजला आहे की बेरीज केली आहे?

बेरीज ६३.३ आली, आणि कागदावरचा सीईसीही ६३.३. म्हणजे प्रयोगशाळेने सीईसी वेगळा मोजलाच नव्हता. चार आकड्यांची बेरीज केली आणि तिलाच सीईसी म्हटलं. मग बेस सॅच्युरेशन शंभर टक्के येणारच. चौघांची बेरीज भागिले चौघांची बेरीज, दुसरं काय येणार? तात्यांनी विचारलेल्या शंभर टक्क्यांमागे एवढंच होतं.

काही ठिकाणी, जिथे सामू आम्ल आहे तिथे, ही बेरीज (आम्ल भाग मोजून त्यात मिळवला तर) चालते. चुनखडीच्या रानात ती चालत नाही, आणि त्याचं कारण रसायनाचं आहे. सामू ७ चं अमोनियम ॲसिटेट मातीत ओतलं की अमोनियम चिकणमातीवरचे धन आयन हुसकून स्वतः तिथे बसतो. इथपर्यंत ठीक. पण त्याच द्रावणात थोडी चुनखडीही विरघळते. तिचा कॅल्शियम कधीच कुठल्या कणाला चिकटलेला नव्हता, तो खड्यात होता. यंत्राला मात्र दोन्ही कॅल्शियम सारखेच दिसतात.

तुमच्या कागदात असं झालंय का, हे ओळखायच्या तीन खुणा आहेत. सामू ७.५ च्या वर असेल. मातीवर पातळ आम्लाचा थेंब टाकला तर बुडबुडे येतील. (प्रयोगशाळेत हायड्रोक्लोरिक वापरतात. घरी लिंबू पिळून बघितलं तरी जास्त चुनखडीत फसफस कानाला ऐकू येते.) आणि तिसरी, मला सगळ्यात भरवशाची वाटणारी खूण म्हणजे चिकणमातीच्या टक्क्यांवरून केलेला अंदाज.

आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती मुख्यतः मॉन्टमोरिलोनाइट जातीची. दर १ टक्का अशा चिकणमातीला साधारण ०.८ एकक सीईसी धरावा, आणि दर १ टक्का सेंद्रिय पदार्थाला साधारण २ एकक. सेंद्रिय कर्बाला १.७२ ने गुणलं की सेंद्रिय पदार्थ मिळतो. तात्यांच्या रानाचा हिशोब: ५२ गुणिले ०.८ म्हणजे ४१.६, अधिक १ टक्का सेंद्रिय पदार्थाचे २. एकूण ४३.६. कागद म्हणतो ६३.३. अंदाजात पाच-सात एककांचा फरक मान्य, वीसचा नाही. वरच्या आकड्यात काहीतरी शिरलंय हे इथेच कळलं.

तिसरी पायरी: खरा भाजक, म्हणजे खरा सीईसी, मिळवणे

चुनखडीच्या मातीसाठी सीईसी मोजायची पद्धत वेगळी आहे. सामू ८.२ च्या सोडियम ॲसिटेटने मातीच्या सगळ्या जागा सोडियमने भरायच्या, मधलं जादा सोडियम अल्कोहोलने धुऊन टाकायचं, आणि मग अमोनियम ॲसिटेटने ते चिकटलेलं सोडियम बाहेर काढून मोजायचं. सामू ८.२ ला चुनखडी फारशी विरघळत नाही. आणि थोडी विरघळली तरी इथे मोजतो आपण सोडियम, त्यामुळे कॅल्शियमने बेरीज फुगायचा प्रश्नच येत नाही.

या पद्धतीचा नाजूक भाग म्हणजे धुणं. अल्कोहोलची धुणी कमी पडली तर मोकळं सोडियम मागे राहतं आणि सीईसी जास्त येतो. जास्त धुतलं तर बारीक चिकणमाती गढूळ पाण्याबरोबर ओतली जाते आणि सीईसी कमी येतो. म्हणून मी प्रयोगशाळेला विचारतो की नमुना दोनदा लावला का, आणि दोन आकड्यांत फरक किती आला. ज्यांनी काम नीट केलं आहे त्यांना या प्रश्नाचा राग येत नाही.

तात्यांचा नमुना या पद्धतीने परत लावून घेतला. सीईसी ४४ आला. अंदाज ४३.६ होता. एवढं जुळणं हा थोडा नशिबाचाही भाग, पण दोन वेगळ्या वाटांनी तिथेच पोचलो हे महत्त्वाचं.

आता सोडियमचं बघू. पहिल्या अर्कात ३.५ एकक सोडियम होतं, पण त्यातलं काही मातीच्या पाण्यात मीठ म्हणून विरघळलेलं, कणाला न चिकटलेलं. तेही वजा करायला हवं. त्यासाठी संपृक्त अर्क काढावा लागतो. माती पाण्याने लोण्यासारखी कालवून, ओढून काढलेलं पाणी म्हणजे संपृक्त अर्क. तात्यांच्या मातीला कालवायला शेकडा ६४ मिलिलिटर पाणी लागलं आणि त्या पाण्यात लिटरमागे ११ मिलीइक्विव्हॅलंट सोडियम निघालं.

```
विरघळलेलं सोडियम = ११ × ६४ ÷ १००० = ०.७
चिकटलेलं सोडियम  = ३.५ − ०.७ = २.८
```

मॅग्नेशियम आणि पोटॅशियम यांचाही थोडा भाग असाच पाण्यातला असतो, पण या रानात तो दुर्लक्ष करण्याइतका होता. पांढरं मीठ फुटलेलं रान असेल तर मात्र चौघांचंही वजा केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

राहिला कॅल्शियम. तो सरळ मोजता येत नाही, म्हणून उरलेल्या जागा त्याच्या असं धरायचं. ४४ मधून मॅग्नेशियमचे १२, सोडियमचे २.८ आणि पोटॅशियमचे ०.८ गेले, उरले २८.४. अर्कात आले होते ४७. म्हणजे १८.६ एकक कॅल्शियम चुनखडीतून विरघळून आला.

हे शक्य तरी आहे का, तेही तपासू. १ एकक कॅल्शियमसाठी १०० ग्रॅम मातीत ५० मिलिग्रॅम चुनखडी विरघळावी लागते. १८.६ गुणिले ५० म्हणजे ९३० मिलिग्रॅम, म्हणजे मातीच्या ०.९३ टक्के. रानात चुनखडी आहे ११ टक्के. तिच्यातला जेमतेम बारावा भाग विरघळला आणि सीईसी ४४ चा ६३ झाला. ८-१० टक्के चुनखडीच्या रानात नुसत्या बेरजेच्या सीईसीवर मी विश्वास ठेवत नाही, तो यामुळेच.

चौथी पायरी: टक्के परत काढणे

खऱ्या भाजकाने भागलं की चित्र असं दिसतं. कॅल्शियम ७४ टक्के होता, तो ६४.५ झाला. मॅग्नेशियम १९ चा २७. पोटॅशियम १.३ चा १.८. सोडियम ५.५ चा ६.४. सोडियममध्ये दोन चुका एकमेकींना काटत होत्या. भागाकारातला वरचा आकडा, म्हणजे सोडियम, मिठामुळे जास्त होता आणि खालचा, म्हणजे सीईसी, चुनखडीमुळे जास्त, म्हणून फरक लहान दिसतो. दुसऱ्या रानात तो मोठा निघू शकतो.

बेस सॅच्युरेशन अजूनही शंभरच आहे, आणि ते खरंही आहे. सामू ८ च्या वर गेला की आम्ल हायड्रोजन किंवा ॲल्युमिनियमला जागाच उरत नाही. म्हणजे आपल्या काळ्या रानात एकूण बेस सॅच्युरेशन या आकड्यातून काहीच नवीन कळत नाही. तो न बघताही सांगता येतो. बघायचं ते त्या शंभरात कोण किती, आणि त्यातही पहिल्यांदा सोडियम.

सोडियम ६.४ टक्के म्हणजे काय

पुस्तकात १५ टक्क्यांच्या वर सोडियम गेलं की जमीन चोपण म्हणतात. पण ज्या मातीत फुगणारी चिकणमाती ५० टक्के आहे तिथे १५ ची वाट बघत बसू नये. ६-७ टक्क्यांपासूनच पाणी मुरायला वेळ लागतो, ढेकूळ भिजलं की विरतं आणि वाळलं की दगड होतं. तात्यांच्या रानाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडे, पाटपाणी दिल्यावर दोन दिवस सरीत पाणी उभं राहायचं. त्यांना वाटायचं उतार कमी आहे.

हे घरी तपासता येतं. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी ग्लासात घ्यायचं आणि हरभऱ्याएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडायचं. ग्लास हलवायचा नाही. ढेकूळ फुटून नुसता ढीग झाला तर काळजी नाही. पण दोन तासांत ढेकळाभोवती दुधासारखं गढूळ वलय पसरायला लागलं तर सोडियम चिकणमातीचे कण एकमेकांपासून सोडवतं आहे. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी इथे वापरू नये. त्यातल्या क्षारांनी कण परत गोळा होतात आणि ग्लास फसवा स्वच्छ दिसतो. तात्यांच्या वरच्या अंगाच्या ढेकळाचा नुसता ढीग झाला, खालच्या अंगाच्या ढेकळाभोवती वलय आलं. एकाच रानाचे दोन निकाल. कागदावरचा ६.४ हा दोन्ही मातींच्या मिश्रणाचा होता, म्हणजे खालच्या अंगाला खरा आकडा त्याहून जास्त.

चिकटलेल्या सोडियमवरून जिप्समचा हिशोब सरळ निघतो. एकरभर १५ सेंटिमीटर थरातून १ एकक सोडियम हटवायला शुद्ध जिप्सम साधारण ७८० किलो लागतं. सोडियम २.८ वरून १.३ वर, म्हणजे ३ टक्क्यांच्या आत आणायचं तर १.५ एकक, म्हणजे एकरी सुमारे १,१७० किलो. बाजारातल्या जिप्समची शुद्धता ७० टक्के असेल तर त्याच प्रमाणात वाढवायचं. मात्र हटलेलं सोडियम निचऱ्याच्या पाण्याबरोबर रानाबाहेर गेलं पाहिजे. चर नसेल तर ते तिथेच राहतं आणि जिप्समचे पैसे जातात. आधी चर, मग जिप्सम.

पोटॅशच्या ‘पाच टक्क्यां’चं काय

पेनने लिहिलेला तो ५ टक्क्यांचा आकडा कुठून येतो? १९४० च्या दशकात अमेरिकेत न्यू जर्सीच्या मातीवर काम करताना एक ‘आदर्श’ वाटणी मांडली गेली: कॅल्शियम ६५ टक्के, मॅग्नेशियम १०, पोटॅशियम ५ आणि हायड्रोजन २०. नंतरच्या प्रयोगांत ही वाटणी गाठली म्हणून उत्पन्न वाढतं असं सिद्ध झालं नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम पुरेशा प्रमाणात असले की बरीच वेगवेगळी प्रमाणं पिकाला चालतात. शिवाय त्या वाटणीत २० टक्के हायड्रोजन आहे, जो आपल्या सामू ८.४ च्या रानात येऊच शकत नाही. तिथल्या आम्ल मातीचा साचा कृष्णाकाठी बसवायचा कसा?

तरी हट्टाने ५ टक्के गाठायचं ठरवलं तर किती पोटॅश लागेल? एकरभर १५ सेंटिमीटर माती साधारण ९.०७ लाख किलो. सीईसी ४४ धरला तर पोटॅशियम ०.८ वरून २.२ एककांवर न्यायला हवं. म्हणजे १.४ एकक, म्हणजे एकरी जवळजवळ ४९६ किलो पोटॅशियम. त्याचं K2O ५९८ किलो, आणि म्युरेट ऑफ पोटॅशच्या ५० किलोच्या २० गोण्या. कागदावरचा फुगलेला ६३.३ धरला तर तोच हिशोब ३४ गोण्यांवर जातो. निव्वळ चुनखडी विरघळल्यामुळे एकराला १४ गोण्या वाढल्या! हे ऐकून तात्या म्हणाले, “आन् वर्साला चार गोण्या टाकायच्या म्हंजे आठ वर्सं नुसतं पोटॅशच पेरत बसायचं व्हय?”

खरं तर ३१३ पीपीएम, म्हणजे हेक्टरी ७०० किलो उपलब्ध पोटॅशियम, हे भरपूरच्या वर्गात मोडतं. १.८ टक्के लहान दिसतं ते भाजक मोठा आहे म्हणून. मोठ्या कणगीत तळाशी दिसणारं धान्य लहान हाऱ्यात काठोकाठ भरेल. आडसाली उसाला विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० स्फुरद आणि १७० पालाश अशी आहे. पालाशचं खत माती परीक्षणानुसार कमी करायचं की तेवढंच ठेवायचं, एवढाच इथला प्रश्न आहे. टक्के भरून काढायचा प्रश्न नाही.

अन्न किती धरून ठेवेल

आता मूळ मुद्दा. सीईसी ४४ म्हणजे माती किती खत धरेल? अमोनियम नत्राचा हिशोब करू. १ एकक म्हणजे १४० पीपीएम नत्र, म्हणजे एकरी १५ सेंटिमीटरात सुमारे १२७ किलो. आडसालीचं एकरी नत्र १६० किलो धरा. त्यातला मोठ्या बांधणीचा ४० टक्के हप्ता म्हणजे ६४ किलो. या हप्त्याला अर्धं एकक पुरतं. ४४ मध्ये अर्धं म्हणजे एक टक्का. पण खत रानभर पसरत नाही, सरीतल्या पट्ट्यात पडतं. समजा दहाव्या हिश्श्याच्या मातीत पडलं, तर तिथे ५ एकक लागतात. तेही ४४ मध्ये सहज मावतं.

म्हणून कुणी म्हणेल, मग सगळा युरिया एकदम टाकू. इथे तीन गोष्टी आड येतात. युरिया स्वतः भार नसलेला आहे. त्याचा अमोनियम होईपर्यंत त्याला कुठलाही कण धरत नाही, त्यामुळे टाकल्या टाकल्या जोराचं पाटपाणी दिलं तर तो खाली जातो. अमोनियम झाला की सामू ८.४ आणि चुनखडी असलेल्या रानात वरच्या वर पडलेल्या खतातून अमोनिया वायू होऊन उडतो, म्हणून खत मातीआड करावं लागतं. आणि उबदार मातीत एक ते तीन आठवड्यांत अमोनियमचं नायट्रेट होतं. नायट्रेटवर ऋण भार, म्हणजे सीईसी कितीही मोठा असला तरी त्याच्या दृष्टीने शून्य. ते पाण्याबरोबर जातं, किंवा पाणी साचलेल्या रानात वायू होऊन जातं. मोठा सीईसी कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश वर्षानुवर्षं सांभाळतो. नत्र मात्र फक्त काही दिवस सांभाळतो.

तोच हिशोब महाबळेश्वरच्या लाल मातीत

भाजकाची गंमत उलट्या बाजूने बघायची असेल तर सातारा जिल्ह्यात वर घाटावर जायला हवं. जांभ्याच्या लाल मातीत स्ट्रॉबेरी घेणाऱ्या एका ओळखीच्या शेतकऱ्याचा कागद माझ्याकडे आहे. सामू ५.४. कॅल्शियम २.८ एकक, मॅग्नेशियम १, पोटॅशियम ०.३, सोडियम ०.१. बेरीज ४.२. चुनखडी नाही, म्हणून बेरीज भरवशाची. अमोनियम ॲसिटेटने सामू ७ ला मोजलेला सीईसी १४, म्हणजे बेस सॅच्युरेशन ३० टक्के. बघून घाबरायला होतं.

पण या मातीतल्या भाराचा मोठा भाग सामूवर अवलंबून असतो. सामू ७ च्या द्रावणात घातलं की तिच्या रिकाम्या जागा उघडतात. रानात, सामू ५.४ ला, त्या बंदच असतात. म्हणून इथे रानातला सीईसी वेगळा काढायचा: चार बेसची बेरीज ४.२, अधिक पोटॅशियम क्लोराइडने काढलेलं ॲल्युमिनियम ०.६. झाले ४.८. आता बेस सॅच्युरेशन ८८ टक्के. तीच माती, तोच दिवस, एकदा ३० आणि एकदा ८८. यातला ‘खरा’ कोणता असं नाही. चुना किती घालायचा ते ठरवताना घोटाळा होतो, तो टाळायचा. १४ च्या ८० टक्के गाठायला निघालो तर ७ एकक भरावे लागतात, म्हणजे एकरी तीन टनांवर चुना. तेवढ्याने सामू गरजेपेक्षा वर जाऊन लोह आणि मँगनीज अडकतील. ॲल्युमिनियमचे ०.६ एकक निकामी करायला २७२ किलो लागतात. रानात चुना पूर्ण मिसळत नाही म्हणून त्याच्या दीडपट-दुप्पट धरलं तरी चारशे-पाचशे किलोंत भागतं.

धारणेच्या दृष्टीने मात्र ४.८ हाच आकडा लक्षात ठेवायचा. पट्ट्यात टाकलेल्या ६४ किलो नत्राला वर ५ एकक लागले होते. इथे सगळ्याच मिळून जागा ४.८. एवढं खत एकदम टाकलं तर ते स्वतः तर वाहून जाईलच, जाताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमलाही जागेवरून हुसकून सोबत नेईल. या पठारावर पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, त्यामुळे जूनच्या आधी रानात शिल्लक राहिलेलं विद्राव्य खत सप्टेंबरला सापडायचं नाही. त्या शेतकऱ्याने बेसल डोस निम्मा केला आणि उरलेलं ठिबकमधून आठवड्याला थोडं थोडं द्यायला लागला. शेणखत मात्र वाढवलं, कारण या मातीत जागा वाढवायचा तो एक हातातला मार्ग.

तात्यांनी पोटॅशच्या जादा गोण्या घेतल्या नाहीत. ओढ्याकडच्या अंगाला आधी चर काढला. जिप्समचा आकडा मी त्यांना अजून पक्का दिलेला नाही, कारण ६.४ हा मिश्र नमुन्याचा आहे. ऊस तुटला की खालच्या अंगाचा नमुना वेगळा काढायचा आहे, ० ते १५ आणि १५ ते ३० अशा दोन पिशव्यांत, आणि पिशवीवर लिहायचं आहे: सीईसी सोडियम ॲसिटेट पद्धतीने, सोबत संपृक्त अर्कातलं सोडियम.